नवा डोमेन कंट्रोलर आल्यापासून निम्म्या लोकांचं लॉगिन बंद, इंटरनेट मात्र चालू

गिरगावची · सोमवार, सकाळी १०:४०

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. आमचं ऑफिस फोर्टमध्ये, कस्टम्स क्लिअरिंगचं काम. साधारण साठ पीसी, शिवाय भिवंडीच्या गोदामात सहा. इतकी वर्षं एकच सर्व्हर होता, विंडोज सर्व्हर २०१२ आर२. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला होता, म्हणून शनिवारी व्हेंडरकडून नवा २०२२ चा सर्व्हर बसवून घेतला. रोल्स नव्यावर नेले, जुना बंद केला आणि व्हेंडर तो सोबत घेऊनही गेला.

आज सकाळपासून गोंधळ चालू आहे. काहीजणांचं लॉगिन नेहमीसारखं होतंय. काहींना हा मेसेज येतोय:

```
We can't sign you in with this credential because
your domain isn't available.
```

ज्यांचं लॉगिन झालंय त्यांना नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत. इंटरनेट सगळीकडे व्यवस्थित आहे, मेल चालू आहे. म्हणून केबल किंवा स्विचचा प्रश्न वाटत नाही. व्हेंडर फोनवर सांगतोय की प्रत्येक पीसी डोमेनमधून काढून पुन्हा जोडा. एक पीसी तसा काढला, तर आता तो परत जोडलाच जात नाही. पुढच्या पीसीला हात लावायची भीती वाटते. दुपारी जेएनपीटीची कागदपत्रं जायची आहेत, लोक माझ्या टेबलाभोवती उभे आहेत.

---

सुमीत_ठाणे · १०:५२

ताई, हे ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याचं लक्षण आहे. सर्व्हर बदलला की पीसीचा जुना पासवर्ड नव्या सर्व्हरला मान्य होत नाही. व्हेंडर बरोबर सांगतोय, काढून पुन्हा जोडणं हाच उपाय. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं.

---

रॅकवाला · ११:०१

गिरगावची, कृपया आणखी एकही पीसी डोमेनमधून काढू नका.

सुमीत, ट्रस्ट तुटला असता तर पडद्यावर `trust relationship` हे शब्दच आले असते. तो मेसेज यायलासुद्धा पीसीला आधी डोमेन कंट्रोलर सापडावा लागतो. इथे पीसी म्हणतोय की डोमेनच उपलब्ध नाही, म्हणजे तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. आणि कंट्रोलर रीतसर जोडून रोल्स नेले असतील तर पीसींचे पासवर्डही नव्या कंट्रोलरवर आलेले असतात. कंट्रोलर बदलला म्हणून ट्रस्ट तुटत नाही.

ताई, दोन गोष्टी सांगा. डोमेन परत जोडताना जो एरर आला त्यात `Details` दाबल्यावर कोणता कोड दिसतो? आणि ज्या पीसीवर लॉगिन होत नाही तिथे, किंवा त्याच स्विचवरच्या दुसऱ्या एखाद्या पीसीवर, हे चालवून उत्तर इथे टाका. डोमेनचं नाव तुमचं घाला.

```
ipconfig /all
nslookup -type=srv _ldap._tcp.dc._msdcs.karyalay.local
nltest /dsgetdc:karyalay.local /force
```

---

हिशेबनीस · ११:०८

आमच्याकडेही मागे असं झालं होतं. डोमेनचं वार्षिक रिन्युअल भरायचं राहून गेलं आणि एका सकाळी सगळं बंद. जिथून डोमेन घेतलंय तिथे लॉगिन करून मुदत बघा, बहुतेक तेच असेल.

---

रॅकवाला · ११:११

हिशेबनीस काका, तुम्ही म्हणताय ते वेबसाइट आणि मेलचं डोमेन. इथला प्रश्न ऑफिसच्या आतल्या डोमेनचा आहे, ज्यावर पीसीचं लॉगिन चालतं. त्याचं रिन्युअल नसतं. आणि ताईंचा मेल चालू आहे, म्हणजे बाहेरचं डोमेन ठीक आहे.

---

गिरगावची · ११:२४

जो पीसी काढला होता, त्याचा कोड `0x0000232B RCODE_NAME_ERROR`. `ipconfig` मध्ये हे दिसतंय:

```
DNS Servers . . . . . . : 192.168.10.5
                          8.8.8.8
```

`nslookup` ने `DNS request timed out` दिलं. `nltest` ने `Status = 1355 0x54b ERROR_NO_SUCH_DOMAIN`.

जुन्या सर्व्हरचा आयपी 192.168.10.5 होता. नव्याचा 192.168.10.8 आहे. डीएचसीपी आमच्याकडे फायरवॉलवर चालतं, सर्व्हरवर नाही.

---

रॅकवाला · ११:३८

सापडलं. तुमचे सगळे पीसी अजून त्या पाच नंबरच्या पत्त्याला डीएनएस विचारतायत आणि त्या पत्त्यावर आता कोणीच नाही. हे नीट समजावून सांगतो, कारण पुढे काय करायचं ते यावरूनच ठरतं.

लॉगिनच्या वेळी पीसीला सर्व्हरचं नाव ठाऊक नसतं. तो डीएनएसला विचारतो की karyalay.local या डोमेनचे कंट्रोलर कोणते. मी जी `_ldap._tcp.dc._msdcs` वाली नोंद विचारायला लावली, तोच तो प्रश्न. ही नोंद फक्त तुमच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवर असते. पाच नंबर उत्तर देत नाही, म्हणून विंडोज थोडं थांबून यादीतल्या दुसऱ्याकडे, म्हणजे 8.8.8.8 कडे जातं. तो गूगलचा. तुमच्या ऑफिसमधलं karyalay.local त्याला कसं माहीत असणार? तो सांगतो, असं नाव अस्तित्वात नाही. आणि विंडोज ते उत्तर खरं मानतं. `RCODE_NAME_ERROR` म्हणजे नेमकं हेच. कुठेच कोणी उत्तर दिलं नसतं तर तिथे `0x000005B4 ERROR_TIMEOUT` दिसलं असतं. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे: टाइमआउट आला तर डीएनएस सर्व्हर गायब, नेम एरर आला तर उत्तर मिळालं, पण भलत्याकडून.

इंटरनेट चालू आहे तेही त्याच गूगलमुळे, आणि म्हणूनच सकाळपासून कोणाला डीएनएसचा संशय आला नाही.

काहींचं लॉगिन होतंय ते कॅशमुळे. विंडोज मूळ सेटिंगनुसार त्या पीसीवर आलेल्या शेवटच्या दहा वेगवेगळ्या यूजरची ओळख साठवून ठेवतं आणि कंट्रोलर सापडला नाही तर त्यावरून आत घेतं. रोज त्याच जागी बसणारा माणूस आत जातो. नवा आलेला किंवा आज दुसऱ्याच्या टेबलावर बसलेला अडकतो. आत गेलेल्यांचेही ड्राइव्ह उघडत नाहीत, कारण त्यांनाही खरा कंट्रोलर भेटलेलाच नाही. तुमच्याकडचं चित्र असंच आहे ना?

---

गिरगावची · ११:४५

अगदी असंच! जे अडकलेत त्यातले तिघे नवीन आहेत आणि बाकीचे आजच जागा बदललेले. मी तर यूजर आयडीमध्येच काहीतरी बिघडलंय समजून पासवर्ड रीसेट करत बसले होते.

मग आता फायरवॉलच्या डीएचसीपीमध्ये पाचच्या जागी आठ टाकू का?

---

सुमीत_ठाणे · ११:४९

डीएचसीपी बदललं तरी लगेच फरक पडणार नाही, लीज संपेपर्यंत थांबावं लागेल. त्यापेक्षा ग्रुप पॉलिसीने सगळ्यांचा डीएनएस बदलून टाका. किंवा प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचं नाव आणि आयपी लिहा.

---

रॅकवाला · १२:०३

सुमीत, लीजचा मुद्दा अर्धा खरा आहे. पीसी लीज संपेपर्यंत थांबत नाही, अर्धी मुदत झाली की नूतनीकरण मागतो आणि तेव्हा नवा डीएनएसही घेतो. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर मूळ मुदत आठ दिवसांची, म्हणजे चार दिवस. ताईंच्या फायरवॉलवर किती ठेवलीय ते बघावं लागेल. पीसी रीस्टार्ट केला किंवा केबल काढून परत लावली तरी तो पुन्हा विचारतो.

ग्रुप पॉलिसी मात्र इथे कामाची नाही. पॉलिसी घ्यायलासुद्धा पीसीला आधी कंट्रोलर सापडायला हवा, आणि अडलंय तेच. सर्व्हरवरून रिमोटने पीसीत शिरून बदल करायला गेलात तरी तुमचा डोमेन अॅडमिनचा पासवर्ड तपासायला त्या पीसीला कंट्रोलरच लागतो, त्यामुळे तोही रस्ता बहुतेक ठिकाणी बंद. होस्ट्स फाइलमध्ये फक्त नाव आणि पत्ता लिहिता येतो. डोमेनचे कंट्रोलर कोणते, ही सेवेची नोंद तिथे लिहिताच येत नाही.

म्हणून ताई, पीसींना नव्या पत्त्यावर नेण्याआधी जुना पत्ता जिवंत करा. पाच नंबर नव्या सर्व्हरला दुसरा आयपी म्हणून द्या. आधी दुसऱ्या पीसीवरून पाचला पिंग करा, मग `arp -a` मध्ये तो पत्ता दिसत नाही ना ते बघा, म्हणजे तो खरोखर रिकामा असल्याची खात्री होईल. मग नव्या सर्व्हरवर अॅडमिन पॉवरशेलमध्ये:

```
New-NetIPAddress -InterfaceAlias "Ethernet" `
  -IPAddress 192.168.10.5 -PrefixLength 24 `
  -SkipAsSource $true
Restart-Service DNS
```

कार्डचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं, `Get-NetAdapter` मध्ये बघून घ्या. `SkipAsSource` मुळे सर्व्हर स्वतःहून बाहेर बोलताना आठ नंबरच वापरेल. डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधल्या `Interfaces` टॅबवर `All IP addresses` निवडलेलं असू द्या.

एवढं केलंत की फोर्टचे आणि भिवंडीचे पीसी कोणी हात न लावता चालू व्हायला हवेत. त्यानंतर डीएचसीपीमध्ये सावकाश आठ टाका.

---

गिरगावची · १२:३१

झालं!! पाच मिनिटांत लोकांचे ड्राइव्ह दिसायला लागले. ज्यांना नाही दिसले त्यांचे पीसी रीस्टार्ट केले. भिवंडीहूनही फोन आला, तिकडेही चालू झालं. डोमेनमधून काढलेला पीसी पहिल्याच प्रयत्नात परत जोडला गेला आणि त्या मुलीचा डेस्कटॉप, फाइल्स सगळं जसंच्या तसं आहे. मला वाटलं होतं नवीन प्रोफाइल बनेल.

तुमचे किती आभार मानू. कागदपत्रं वेळेत जातील आता.

---

रॅकवाला · १२:३६

वा, छान झालं. प्रोफाइल यूजरच्या ओळखक्रमांकाशी बांधलेलं असतं, पीसी डोमेनमध्ये किती वेळा जोडला त्याच्याशी नाही. डोमेन तेच, यूजर तोच, म्हणून प्रोफाइलही तेच.

पण एका बाबतीत नशीब चांगलं होतं. पीसी डोमेनमधून काढल्यावर त्याच्या लोकल अॅडमिनचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, तर त्या पीसीत शिरायलाच जागा उरत नाही. साठच्या साठ काढले असते तर आज रात्र ऑफिसातच गेली असती.

---

वाशीकर · दुपारी १:१५

उत्तम धागा. एकच शंका. डीएचसीपीमध्ये आठ नंबर पहिला आणि 8.8.8.8 दुसरा ठेवायला काय हरकत आहे? सर्व्हर कधी बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालेल. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे आणि काही त्रास नाही.

---

रॅकवाला · १:३४

त्रास दिसत नाही, कारण पहिला सर्व्हर नेहमी वेळेत उत्तर देतो. दुसरा पत्ता कधी वापरला जातो ते बघा. पहिल्याने नाही म्हटलं म्हणून विंडोज दुसऱ्याला विचारत नाही. पहिला गप्प राहिला तरच विचारतं, आणि त्यासाठी साधारण एक सेकंद पुरतो. सर्व्हर अपडेटनंतर रीस्टार्ट होतोय किंवा बॅकअपच्या वेळी अडकलाय, तेवढ्यात पीसी गूगलकडे जातो आणि काही वेळ त्यालाच धरून बसतो. मग दिवसभरात कोणातरी एकाचा ड्राइव्ह मधूनच जातो, कोणाचं लॉगिन फार वेळ फिरत राहतं, आणि तपासायला जावं तर सगळं ठीक. अशा तक्रारींचं मूळ मी अनेक ऑफिसांत या दुसऱ्या ओळीत पाहिलंय.

क्लायंटच्या यादीत फक्त तेच डीएनएस असावेत ज्यांना तुमचं डोमेन ठाऊक आहे. दुसरा पत्ता हवा असेल तर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करा, छोटं व्हर्च्युअल मशीनसुद्धा चालतं.

---

वाशीकर · १:४८

तत्त्व पटतं, पण वीस माणसांच्या ऑफिसात दुसऱ्या सर्व्हरचा आणि लायसन्सचा खर्च मालक करत नाही. सर्व्हर बंद पडला आणि सोबत इंटरनेटही गेलं तर बँकेचं काम, जीएसटीचं पोर्टल, सगळं थांबतं. मला विचाराल तर कधीतरी ड्राइव्ह गेला तरी चालेल, पण इंटरनेट जाऊन चालणार नाही.

---

रॅकवाला · १:५५

तुमच्या ऑफिसची गरज तुम्हालाच जास्त कळणार. मी तरी दुसरी ओळ रिकामी ठेवीन, आणि सर्व्हर पडलाच तर त्या दिवसापुरता फायरवॉलच्या डीएचसीपीत हाताने बाहेरचा डीएनएस टाकीन. निदान आपण काय बदललंय ते आपल्याला माहीत असतं.

---

गिरगावची · ३:२०

परत त्रास देतेय. डीएचसीपीमधून 8.8.8.8 काढला, फक्त आठ ठेवला. लीज २४ तासांची आहे. पीसी हळूहळू आठवर येतायत, लॉगिन आणि ड्राइव्ह सगळं झकास. पण आता जे आठवर आलेत त्यांचं इंटरनेट अडखळतंय. काही साइट उशिरा उघडतात, काही उघडतच नाहीत. कस्टम्सचं आइसगेट पोर्टल तर दोनदा रिफ्रेश केल्यावर उघडतंय. 8.8.8.8 परत टाकावा का?

---

सुमीत_ठाणे · ३:२६

मी सकाळपासून हेच म्हणत होतो, नव्या सर्व्हरमध्येच काहीतरी गडबड आहे.

---

रॅकवाला · ३:३३

सुमीत, या वेळी तुमचं म्हणणं खरं निघण्याची बरीच शक्यता आहे.

ताई, क्लायंटवर टाकू नका. नव्या सर्व्हरवर हे चालवा आणि काय येतं ते सांगा:

```
Get-DnsServerForwarder
```

---

गिरगावची · ३:३८

`IPAddress : 192.168.10.5`. बाकी काही नाही.

---

रॅकवाला · ३:५०

हेच. नवा सर्व्हर डोमेनला जोडताना व्हेंडरने त्याच्या नेटवर्क कार्डवर डीएनएस म्हणून जुन्या सर्व्हरचा पत्ता दिला असणार, आणि ते योग्यच होतं, नाहीतर तो डोमेनला जोडलाच गेला नसता. पण कंट्रोलर बनवताना विंडोज कार्डावरचा तो पत्ता उचलून फॉरवर्डरच्या जागी ठेवू शकतं. म्हणजे बाहेरच्या नावांसाठी नवा सर्व्हर जुन्याला विचारणार. शनिवारी जुना बंद झाला, आणि आज आपण तोच पाच नंबर नव्यालाच दिला. आता तो बाहेरची नावं स्वतःलाच विचारतोय. सकाळी हे कळलं नाही, कारण तेव्हा सगळ्यांचं इंटरनेट परस्पर गूगलकडून चाललं होतं.

डोमेनच्या नोंदी एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर आपोआप जातात, पण फॉरवर्डरची ही यादी प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र असते. ती हातानेच बघावी लागते.

```
Set-DnsServerForwarder -IPAddress 8.8.8.8,1.1.1.1
Clear-DnsServerCache -Force
```

8.8.8.8 ची जागा इथे आहे. पीसी फक्त तुमच्या सर्व्हरला विचारणार, आणि सर्व्हरला जे माहीत नाही ते तो बाहेर विचारणार. फायरवॉलवर बाहेर जाणारं डीएनएस फक्त पाच नंबरला मोकळं केलेलं असेल तर तिथेही आठ घाला.

आणि नव्या सर्व्हरच्या स्वतःच्या कार्डावर डीएनएस काय आहे तेही बघा. तिथेही पाच असेल तर आठ करून टाका. सध्या एकच कंट्रोलर आहे, तोवर त्याने स्वतःलाच विचारावं.

---

गिरगावची · ४:१०

कार्डावरही पाचच होता! बदलला. फॉरवर्डर बदलल्याबरोबर आइसगेट लगेच उघडलं. फायरवॉलवर तसा नियम नव्हता.

आता एक मनातली शंका. सकाळची ती `_msdcs` वाली `nslookup` आता चालवली तर उत्तरात dc2 सोबत dc1 पण येतोय. dc1 म्हणजे व्हेंडरने नेलेला जुना सर्व्हर. `netdom query fsmo` मध्ये पाचही रोल dc2 वर दिसतात. मग dc1 अजून का येतोय?

---

रॅकवाला · ४:२९

बरं झालं तुम्ही तपासलंत. याचा अर्थ रोल्स नेले, पण जुना कंट्रोलर रीतसर उतरवला नाही, नुसता बंद केला. त्यामुळे डोमेनच्या लेखी तो अजून कामावर आहे आणि पीसींना उत्तरात त्याचंही नाव मिळतं.

दोन रस्ते आहेत. तो सर्व्हर परत यायचाच नसेल तर `Active Directory Users and Computers` उघडून `Domain Controllers` मधून dc1 डिलीट करा. तो कायमचा बंद आहे का असं विचारलं की तशी खूण करा. मग डीएनएसमध्ये झोनच्या `Name Servers` टॅबवर आणि `_msdcs` खाली dc1 चं नाव कुठे उरलंय का ते नजरेखालून घाला. हे करण्याआधी नव्या सर्व्हरचा सिस्टिम स्टेट बॅकअप घ्याच. आता सगळं डोमेन त्या एका डिस्कवर आहे.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटते. जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर `ntds.dit` ही फाइल आहे. तिच्यात तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या पासवर्डचे हॅश आहेत, डोमेन अॅडमिनचेसुद्धा. ती डिस्क आज दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानात पडली आहे. ती परत मागवा. पुसून देतो असं तोंडी सांगितलं तरी चालवून घेऊ नका, डिस्क स्वतःच्या ताब्यात घ्या.

---

परळचा_तंत्रज्ञ · ४:४४

मी असतो तर जुना सर्व्हर परत आणून रीतसर डिमोट केला असता. तसाच डिलीट केला तर एखादी गोष्ट फक्त त्याच्यावरच राहून गेलेली असू शकते, सर्टिफिकेट अथॉरिटी किंवा एखादं शेड्यूल्ड काम. डिलीट करून झाल्यावर आठवलं तर मागे जाता येत नाही.

---

रॅकवाला · ४:५१

मान्य, तोही रस्ता बरोबर आहे आणि जास्त स्वच्छ आहे. फक्त तो सर्व्हर केबल लावून तसाच चालू करू नका. त्याच्यावर पाच नंबर आहे आणि पाच आता नव्याकडे आहे, सकाळचा गोंधळ पुन्हा सुरू होईल. केबल न लावता चालू करा, त्याला मोकळा पत्ता द्या, त्याचा डीएनएस आठ करा, मग जोडा. दोन्ही कंट्रोलरची माहिती जुळली की डिमोट करा. हे करायचं तर लवकर करा. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेला कंट्रोलर परत जोडायचा नसतो.

---

परळचा_तंत्रज्ञ · ५:०५

आता याच धाग्यात माझीही एक अडचण मांडतो, वेगळा धागा काढत नाही. आमच्याकडेही मागच्या महिन्यात कंट्रोलर बदलला. डीएचसीपी, स्टॅटिक, सगळं नीट बदललं. तरी काही पीसींचं लॉगिन अधूनमधून अडकतं. `ipconfig /all` मध्ये डीएनएसच्या यादीत आमच्या सर्व्हरच्या वर `fe80::1` दिसतो. हा पत्ता मी कुठेच टाकलेला नाही.

---

रॅकवाला · ५:१४

तो इंटरनेटच्या राउटरचा आयपीव्ही६ पत्ता असणार. राउटर स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करतो आणि पीसी ते ऐकतात. तुमचं डीएचसीपी फक्त आयपीव्ही४ चं, त्यामुळे तिथे सगळं बरोबर दिसतं. राउटरमधून ही जाहिरात बंद करा. सगळ्या पीसींवर आयपीव्ही६ बंद करायला जाऊ नका, विंडोज त्यासह चालावं हेच मायक्रोसॉफ्टला अपेक्षित आहे.

---

परळचा_तंत्रज्ञ · ५:२२

राउटर इंटरनेट कंपनीचा आहे आणि त्याचं अॅडमिन पान त्यांनी कुलूपबंद ठेवलंय. तक्रार टाकली तर उत्तर येतं की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. मध्ये स्वतःचा फायरवॉल टाकण्याशिवाय कोणाला काही सुचतंय का?

---

वाशीकर · ५:३०

मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्यावर आरए गार्ड नावाची सोय आहे का ते बघा. राउटरच्या पोर्टवरून येणारी ती जाहिरात तिथेच अडवता येते. माझ्याकडे स्वतः वापरून पाहिलेलं नाही.

---

गिरगावची · बुधवार, सकाळी ११:१०

थोडी माहिती देते. डिस्कसाठी साहेबांनी स्वतः व्हेंडरला फोन केला, जुना सर्व्हर उद्या परत येतोय. डिमोट करायचा की डिलीट, ते तो आल्यावर त्याच्यावर काय काय आहे ते बघून ठरवू.

पाच नंबर नव्या सर्व्हरवर कधीपर्यंत ठेवायचा? लीज संपून दिवस झाला, म्हणजे सगळे आठवर आले असतील ना?

---

रॅकवाला · ११:२५

डीएचसीपीवाले आले असतील. ज्यांच्यावर आयपी आणि डीएनएस हाताने टाकलेत ते नाही येणार, आणि त्यांची यादी बहुतेक कोणाकडेच नसते. अंदाजाने काढू नका, मोजून काढा. डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये `Debug Logging` टॅब आहे. पण त्या लॉगमध्ये विचारणाऱ्याचा पत्ता येतो, त्याने पाचला विचारलं की आठला ते येत नाही. म्हणून सर्व्हरवर वायरशार्क टाका आणि हा फिल्टर लावून कामाचा एक अख्खा दिवस चालू ठेवा:

```
dst host 192.168.10.5 and port 53
```

त्यात जो दिसेल तो अजून जुन्या पत्त्यावर आहे. एक-एक करून बदला. दोन दिवस कोणीच दिसलं नाही की पाच काढा. महिनाअखेरीच्या कामाच्या दिवशी मात्र काढू नका.

---

गिरगावची · शुक्रवार, दुपारी १२:४०

वायरशार्कमध्ये चार पत्ते सापडले. एक हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, एक सीसीटीव्हीचा डीव्हीआर, एक भिवंडीतला वजनकाट्याचा पीसी. तो डीएचसीपीवर आहे असं सगळे सांगत होते, पण त्याच्यावर कोणीतरी हाताने पत्ता टाकलेला निघाला. तिन्हींवर आठ टाकला. वजनकाट्याचं काम तिथल्या सुपरवायझरनी मी फोनवर सांगत गेले तसं केलं.

चौथा पत्ता लवकर कळेना. `arp -a` मधून मॅक पत्ता काढला, त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून बनवणारी कंपनी कळली, तेव्हा लक्षात आलं की तो दुसऱ्या मजल्यावरचा मोठा प्रिंटर आहे. त्यावरून स्कॅन केलेले कागद थेट फोल्डरमध्ये जातात, आणि शनिवारपासून ते जात नाहीत अशी तक्रार आलेलीच होती. प्रिंटरचा डीएनएस आठ केला, तरी स्कॅन जात नाही. फोल्डरचा पत्ता `\\dc1\scan` असा टाकलेला आहे.

---

रॅकवाला · १२:५८

dc2 वर त्या नावाचा शेअर आहे का ते बघा. असेल तर प्रिंटरमध्ये `\\dc2\scan` टाका. आणि प्रिंटरचं मॉडेल कळवा. जुने प्रिंटर फक्त एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत बोलतात आणि २०२२ च्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेलीच नसते. तसं असेल तर नाव बदलूनही स्कॅन जाणार नाही. पण त्यासाठी सर्व्हरवर ती चालू करू नका, स्कॅन मेलने पाठवायची सोय प्रिंटरमध्ये आहे का ते आधी बघा.